निळ्या टिक्स बंद होत्या, म्हणून खरं बोललेलं खोटं ठरलं: तुमचे अनुभव सांगा

यावलची पोर
काल जेवायच्या वेळी भाचीचं तोंड एवढंसं. नववीत आहे. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, जिवलग मैत्रिणीशी वाजलंय. हिने व्हॉट्सअॅपच्या निळ्या टिक्स बंद करून ठेवल्यात आणि मैत्रिणीला त्याचा पत्ता नाही. मी भरिताची वांगी भाजत होते, चिमटा हातात तसाच राहिला. माझं हेच झालं होतं, 2018 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन आजीकडे गेले होते, यावलजवळच्या खेड्यात.

टिक्स मी बंद केल्या होत्या त्या आत्यामुळे. आत्या रोज सकाळी फुलांचा फोटो पाठवायची आणि तो निळा झाला की पाचव्या मिनिटाला फोन, "बघितलं ना? मग उत्तर का नाही?" मैत्रिणीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण ते बटण सगळ्यांसाठी एकच. आत्यासाठी बंद केलं की सगळ्यांसाठी बंद.

मैत्रीण भुसावळची, रेल्वे क्वार्टरमधली. आपण तिला चिमी म्हणू. शनिवारी, 14 एप्रिलला रात्री दहाला तिचा मेसेज आला. पप्पांची बदली झाली, आखाजी झाली की लगेच सामान हलणार, तू कधी येतेस. मी गच्चीवर गोधडीवर पडून वाचला. पोटात खड्डा पडला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. मग मनाशी म्हटलं, तिला तर करड्याच टिक्स दिसताहेत, म्हणजे मी वाचलंच नाही असं समजेल. मंगळवारी जाऊन समोरासमोर बोलू. आणि झोपले.

रविवारी शाळेच्या सात जणींच्या ग्रुपवर चिमीनेच विचारलं, आखाजीला झोका कोणाकडे. मी वाचलं आणि काही लिहिलं नाही. तिने त्या मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली. वाचलेल्यांत माझं नाव, 10 वाजून 42 मिनिटं. आणि माझ्या चॅटवरचा रात्रीचा मेसेज मात्र करडाच. तिने काय समजावं? ग्रुप वाचते, माझं उघडतसुद्धा नाही. दुपारी एक ओळ आली: "वाचायचं नसेल तर राहू दे."

मी घाबरून लगेच लिहिलं, "अगं वाचला होता कालच, काय लिहू सुचेना." अक्षरशः खरं होतं ते. तिच्या फोनवर कालचा मेसेज अजून करडा. म्हणजे तिच्या लेखी मी तोंडावर खोटं बोलले होते. ती गप्प. आणि मलाही माझ्या मेसेजवर दोन करड्या टिक्सच दिसत होत्या, म्हणून मी समजले, ती रागाने उघडतच नाहीये. मग मीही गप्प. तिने तो मेसेज अर्ध्या मिनिटात वाचला होता.

दोन दिवस असे गेले. तुमचं कोणाचं असं झालंय का? पुढचं लिहिते, कुकर लावून येते.

भरीतपुरी
आधी सांग भरीत कोणत्या वांग्याचं 😄 बामणोदची मिळाली का?

यावलची पोर
मिळाली हो. पण मी काय सांगतेय 😄

मोबाइलवाला भुसावळ
ताई, माझं दुरुस्तीचं दुकान आहे, महिन्याला दोनचार जण तरी हेच घेऊन येतात. "दादा, फोन बिघडला, टिक निळी होईना." फोन बरा असतो. ते बटण दोन्ही बाजूंनी चालतं. तुम्ही तुमचं वाचलेलं लपवलं की समोरच्याचं वाचलेलंही तुम्हाला दिसत नाही. बहुतेकांना पहिलं अर्धं माहीत असतं, दुसरं अर्धं नाही. तुमची गोष्ट त्या दुसऱ्या अर्ध्यात अडकली. तुम्ही चिमीची टिक बघून अंदाज बांधत बसलात आणि ती टिक तुमच्या फोनवर निळी होणारच नव्हती.

ग्रुपचं तर वेगळंच आहे. बटण बंद असलं तरी ग्रुपमध्ये तुमचं वाचलेलं कळतं, ते बंद करताच येत नाही. म्हणून 10.42 दिसलं.

नंदुरबारी
पण एकच टिक असली तर सरळ ब्लॉक केलेलं असतं. माझा भाऊ असाच ब्लॉक होऊन बसला होता.

मोबाइलवाला भुसावळ
अर्धं बरोबर भो. ब्लॉक केलं तर एकच टिक राहते, खरं. पण उलटं नाही ना लागू होत. फोन बंद असेल, नेट नसेल, तरी एकच राहते. सातपुड्याच्या पायथ्याला शेतात गेलेल्या माणसाला मेसेज करून बघा, संध्याकाळपर्यंत एकच टिक. एक म्हणजे आपल्याकडून गेला, दोन म्हणजे त्याच्या फोनात पोचला. बास. वाचला का, ते निळ्यावर.

नंदुरबारी
भाऊ तर दीड महिना एकच टिक बघत होता 🙃

मोबाइलवाला भुसावळ
मग ब्लॉकच असेल 😄

केळीवाले काका
पावती बंद केली तर नुकसान आपलंच. मागच्या हंगामात एका व्यापाऱ्याने वजनाची पावतीच दिली नाही, म्हणाला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो. टाकलाच नाही. पोरांनी पावती नेहमी मागून घ्यावी.

अमळनेरची माई
काका, ती पावती नाही हो. मेसेज वाचल्याची खूण, ती निळी.

केळीवाले काका
बरं बरं. मी "रीड रिसिट" वाचून रिसिटच समजलो. तरी सांगतो, मला ती निळीच लागते. रात्री गाडी कधी भरायची हा मेसेज व्यापाऱ्याला टाकतो. निळी झाली की मजुरांना सांगतो, नाही झाली की फोन लावतो. घड कापून बांधावर ठेवला आणि गाडी आलीच नाही, तर 44 डिग्रीत माल काय राहणार.

धुळ्याचा दाद्या
हाई तर आमना घरनीज गोट शे. मन्हा पोऱ्या अकरावीत, त्याने बंद करेल होतं. मी विचारलं का, तर म्हणे "पप्पा तुमच्यामुळेच". मी क्लासला पोचला का विचारायचो, निळं झालं आणि उत्तर आलं नाही की सरांना फोन लावायचो. सर वर्गात सगळ्यांसमोर सांगायचे, तुझ्या वडिलांचा फोन होता. आता तो टिक देत नाही, मी सरांना फोन करत नाही. बरं चाललंय.

सोनल नाही सोनाली
मी सतरा वर्षांची आहे, इथे सगळे काका काकू आहेत म्हणून भीत भीत लिहिते 😅 माझं कारण लाजिरवाणं आहे. बेस्ट फ्रेंडशी अबोला होता, तिचे स्टेटस तर बघायचेच होते. टिक्स बंद केल्या की आपण स्टेटस बघितल्याचं तिला दिसत नाही, म्हणून बंद केल्या. दोन दिवस मस्त. मग मी माझ्या वाढदिवसाचं स्टेटस टाकलं फक्त तिने बघावं म्हणून, आणि कोणी बघितलं ती यादीच रिकामी. मला वाटलं एकानेही बघितलं नाही, तिने तर नाहीच. रात्रभर रडले. नंतर कळलं की बटण बंद असलं की आपल्यालाही यादी दिसत नाही.

अमळनेरची माई
अगं बाळा 🤗 बोललीस का मग तिच्याशी?

सोनल नाही सोनाली
हो. तिनेच केक आणला. तिने तर सगळ्यात आधी बघितलं होतं म्हणे.

रावेरची सून
आमच्या वेळी चिठ्ठी पाठवायची तर मधल्या बाकावरची वाचून पुढे द्यायची. तीच निळी टिक 😂

शिरपूरचा शिक्षक
एक भाबडा उपाय ऐकलाय. बटण बंद करायचं, मेसेज वाचायचा, परत चालू करायचं. म्हणजे वाचून होतं आणि समोरच्याला कळत नाही. वर्गातली मुलं शपथेवर सांगतात.

मोबाइलवाला भुसावळ
सर, माझ्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं आली आहेत. एक म्हणतो करडीच राहिली, दुसरा म्हणतो परत चॅट उघडली आणि निळी झाली. मी पैज लावणार नाही. नोटिफिकेशन खाली ओढून वाचलं आणि चॅट उघडली नाही तर निळी होत नाही, एवढं मात्र पक्कं.

भरीतपुरी
आमची ही तेच करते. सगळं वरच्यावर वाचते आणि म्हणते फोन बघितलाच नाही.

यावलची पोर
आले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, पुढचं लिहिते.

मंगळवार. दुसऱ्या दिवशी आखाजी. आजीकडे सांजोऱ्यांचा रवा भाजणं चालू होतं, मागच्या आळीत निंबाला दोर बांधून पोरी झोका घेत होत्या, गाणी म्हणत होत्या. मला चिमीला ते ऐकवावंसं वाटलं, कारण दरवर्षी ती यायची. लिहायची तर हिंमतच नव्हती. फोन खिडकीबाहेर धरला आणि व्हॉइस पाठवला. झोक्याचा कर्र कर्र आवाज, पोरींचं गाणं आणि शेवटी माझं एकच वाक्य, "चिमे, तुझी जागा रिकामी आहे."

दोन टिक्स. करड्या. मी फोन उशीखाली टाकला. सवयीने दहा मिनिटांनी परत काढला, तर टिक्स तशाच करड्या, पण त्या छोट्या माईकचं चित्र निळं झालेलं! मी फोन उन्हात नेऊन बघितला, वाटलं डोळ्यांना भास होतोय. चार दिवसांत पहिल्यांदा मला तिच्याकडून काहीतरी निळं दिसलं.

मोबाइलवाला भुसावळ
बरोबर! व्हॉइस ऐकल्याचं लपवता येत नाही. बटण बंद असो की चालू, ऐकला की माईक निळा. हे दुकानात सांगितलं की नवरे लोक गंभीर होतात.

धुळ्याचा दाद्या
😂😂 मी आत्ता गंभीर झालो.

यावलची पोर
तर मी आजीला सांगून निघाले. दुपारची एसटी, खिडकीतून गरम वाफा, तापीच्या पुलावर जरा गार लागलं. क्वार्टरमध्ये गेले तर दारातच खोकी, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलेलं. काकू म्हणाल्या, आत आहे, तूच बघ बाई.

मी तिच्या हातात फोन दिला. सेटिंग, मग प्रायव्हसी, तिथे Read receipts लिहिलेलं आणि ते बंद. आत्याची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता ती हसेल आणि मिटलं.

ती त्या बटणाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तू खरंच शनिवारीच वाचलं होतंस. आणि रविवार दुपारपर्यंत एक अक्षर लिहिलं नाहीस. मला वाटत होतं तू खोटं बोलतेस. हे तर त्याच्याहून वाईट आहे."

मी काय बोलणार. टिक्सचं कोडं सुटलं आणि त्याच्या खाली जे होतं ते उघडं पडलं. शनिवारी रात्री मी त्या करड्या रंगाच्या आडोशाला लपले होते. आत्यापासून लपण्यासाठी घेतलेला आडोसा, सोयीचा वाटला म्हणून तिच्यासाठी वापरला.

अमळनेरची माई
अगं पोरी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने अशा मेसेजला काय लिहायचं असतं? मलाही सुचलं नसतं.

रावेरची सून
मी चिमीच्या बाजूने. घर सोडून चाललेली पोर आहे, "वाचलं गं" एवढं तरी लिहावं.

शिरपूरचा शिक्षक
दोघीही बरोबर. वर्गात मी हे रोज बघतो. उत्तर द्यायला वेळ लागणार असेल तर "वाचलं, रात्री बोलते" एवढं टाका म्हणून सांगतो. मुलं मान डोलावतात आणि टाकत नाहीत.

नंदुरबारी
टायपिंग चालू आहे ते तिला दिसलं नाही का? तू लिहून खोडत होतीस ना?

यावलची पोर
तिने मेसेज पाठवून फोन चार्जिंगला लावला होता. बघत बसली असती तर दिसलं असतं. टिक्स बंद असल्या तरी टायपिंग दिसतंच. मी नंतर हजारदा विचार केलाय, तेव्हा तिने फोन हातात ठेवला असता तर.

सोनल नाही सोनाली
ताई तुम्ही फक्त तिच्यासाठी चालू करायच्या ना. आम्ही इन्स्टावर तसं करतो, एकेका चॅटपुरतं बंद करता येतं.

यावलची पोर
व्हॉट्सअॅपवर तसं नाही गं. सगळ्यांना चालू नाहीतर सगळ्यांना बंद. म्हणून तर आत्याचा राग चिमीवर निघाला.

केळीवाले काका
मग आत्याला सरळ सांगायचं होतं, सकाळी फोन करू नकोस.

धुळ्याचा दाद्या
काका, तुमना खान्देशात आत्याला असं सांगायची कोणाची छाती शे? 😄

भरीतपुरी
सांजोऱ्यांत रवा भाजताना तूप किती घालता? आमच्याकडे तळताना फुटतात.

रावेरची सून
सारण गरम भरलं की फुटतात. गार होऊ द्या, आणि कडा दुधाने चिकटवा. वाटीभर रव्याला दोन चमचे तूप पुष्कळ झालं.

अमळनेरची माई
आम्ही पाण्याने चिकटवतो, कधी फुटली नाही. पण ए, पुढे काय झालं? चिमी गेली का रागावूनच?

यावलची पोर
रागावून नाही. पण पूर्वीसारखी पण नाही. खोकी बांधताना आम्ही दोघींनी सुतळी धरली, मी गाठ मारायची, ती बोट ठेवायची. तेवढ्यात काकूंनी विचारलं, जेवणार ना, आणि ती म्हणाली, "हो, ती वाचून उत्तर नाही देणार, पण जेवेल." मी हसले, तीही हसली. पण ते वाक्य मला अजून पाठ आहे.

मी तिथेच, तिच्यासमोर बटण चालू केलं. आत्याचे फोन परत सुरू झाले, घेतले. चिमीशी आता सणावाराला बोलणं होतं. महिना महिना नाही, मग अचानक तासभर.

मोबाइलवाला भुसावळ
भाचीचं काय केलंत शेवटी?

यावलची पोर
तिला बटणाचं दुसरं अर्धं समजावलं, तुमचंच वाक्य वापरून. ती म्हणे, "आत्या, पण मी बंद ठेवणार. फक्त तिला सांगून ठेवते की बंद आहे." मला हे 2018 मध्ये सुचलं नव्हतं. मैत्रिणीला सांगितलं का ते अजून कळलं नाही, दार लावून बसलीये.

शिरपूरचा शिक्षक
वयापुढे आहे पोरगी.

रावेरची सून
सांगेल का खरंच? माझी लेक "सांगते" म्हणते आणि विसरते.

यावलची पोर
बघू. हा धागा मगाशी चिमीला पाठवला. दोन टिक्स, करड्या. आता तिनेच बंद करून ठेवल्यात, ऑफिसमुळे म्हणते. मला ठाऊक आहे आणि तरी दर पाच मिनिटांनी बघतेय.

सोनल नाही सोनाली
ताई व्हॉइस पाठवा ना!!

यावलची पोर
पाठवला. बारा सेकंदांचा. माईक अजून करडाच आहे. तवा तापलाय, जाते.